फेसाखालची खरी पातळी

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत रात्रपाळीला फर्मेंटरच्या माथ्यावर चढलं की पहिली गोष्ट जाणवते ती वासाची. आंबलेल्या मळीचा गोडसर, नाकात घुसणारा वास. टाकीच्या झाकणावर एक जाड गोल काच असते, तिला साइट ग्लास म्हणतात. बाजूचा दिवा लावून आत डोकावलं तर द्रव दिसत नाही, दिसतो तपकिरी फेस. मोठमोठे बुडबुडे फुगतात, फुटतात, त्यांच्या जागी दुसरे येतात. द्रव नक्की कुठे आहे, फेसाच्या एक फूट खाली की चार फूट, हे काचेतून सांगता येत नाही. खाली कंट्रोल रूममध्ये मात्र पडद्यावर एक आकडा दिसत असतो: पातळी ६.१२ मीटर. हा आकडा कुठून येतो आणि त्यावर किती भरवसा ठेवावा, हा या लेखाचा विषय आहे.

टाकीच्या डोक्यावर बसून, द्रवाला हात न लावता पातळी सांगणारी दोन उपकरणं सर्रास वापरात आहेत. एक अल्ट्रासोनिक, दुसरं रडार. दोघांची मूळ कल्पना विहिरीत हाक मारून खोली अजमावण्याची. वरून लहर सोडायची, ती द्रवाच्या पृष्ठभागावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, वेगाने गुणायचं आणि निम्मं करायचं. आलं अंतर. टाकीच्या उंचीतून ते वजा केलं की पातळी मिळते. फरक इतकाच की अल्ट्रासोनिक आवाज सोडतो, माणसाला ऐकू न येणारा, साधारण ४०-५० किलोहर्ट्झचा. रडार सोडतो रेडिओलहरी, मायक्रोवेव्ह. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण आवाजाला प्रवासासाठी हवा लागते आणि रेडिओलहरीला काहीच लागत नाही. पुढचं सगळं रामायण या एका गोष्टीतून घडतं.

हवा म्हणजे फर्मेंटरमध्ये हवा नसतेच. यीस्ट साखर खातं तेव्हा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड जवळजवळ सारख्या वजनाने तयार होतात. एक लिटर अल्कोहोल बनताना चारशे लिटरहून जास्त वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो, द्रवावर बसून राहतो आणि टाकीतली हवा वर ढकलून बाहेर काढतो. काही तासांत द्रव आणि उपकरण यांच्यामध्ये जवळपास निव्वळ कार्बन डायऑक्साइड उरतो.

आता हिशेब करून पाहू. फर्मेंटरमध्ये तापमान ३२ अंश ठेवलेलं असतं असं धरू. या तापमानाला आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३५० मीटर धावतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये तोच आवाज सुमारे २७२ मीटरने धावतो, कारण जड वायूत आवाज मंदावतो. समजा, द्रवाचा पृष्ठभाग उपकरणापासून नेमका दोन मीटर खाली आहे. जाऊन-येऊन चार मीटर, म्हणजे प्रतिध्वनी यायला १४.७ मिलिसेकंद लागतील. उपकरणाला मात्र आपण हवेतच आहोत असं वाटतं. ते ३५० ने गुणतं आणि अंतर २.५७ मीटर सांगतं. म्हणजे द्रव आहे त्यापेक्षा ५७ सेंटिमीटर खाली दाखवला जातो. टाकीचा व्यास सहा मीटर असेल तर हे ५७ सेंटिमीटर म्हणजे सोळा हजार लिटर. चूक कोणत्या बाजूची आहे हेही पाहण्यासारखं आहे. टाकी भरत आलेली असते आणि पडद्यावर अजून जागा दिसते. ऑपरेटर मळीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतो.

अल्ट्रासोनिक उपकरणात तापमानाचा सेन्सर असतो आणि तापमानाप्रमाणे आवाजाचा वेग तो सुधारून घेतो. पण वायू बदलला हे त्याला कळत नाही. वेग हाताने बदलून २७२ टाकता येतो, काही जण टाकतातही. पण टाकी रिकामी करून धुतली, पुन्हा भरायला घेतली की सुरुवातीला आत हवा असते, मग मिश्रण, मग कार्बन डायऑक्साइड. एकच आकडा तिन्ही वेळी बरोबर कसा ठरणार? त्यात आणखी एक अडचण. कार्बन डायऑक्साइड या वारंवारतेचा आवाज गिळतो. परत येणारा प्रतिध्वनी हवेतल्यापेक्षा बराच क्षीण असतो.

रडारची लहर याच वायूतून जाते आणि तिला फरक पडत नाही म्हटलं तरी चालेल. दोन मीटरच्या अंतरात कार्बन डायऑक्साइडमुळे होणारी चूक एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. वायूच्या बाबतीत दोघांची तुलना इथेच संपते.

फेसाच्या बाबतीत मात्र ती संपत नाही. रडार घेतलं की फेसाचा प्रश्न सुटला, असा समज बऱ्याच कारखान्यांत असतो आणि तो महागात पडतो.

फेस म्हणजे वायूचे कप्पे आणि त्यांच्यामध्ये द्रवाचे पातळ पडदे. आवाजाची लहर फेसावर आली की प्रत्येक पडद्यावर थोडी विखुरते, थोडी शोषली जाते. खालपर्यंत जवळजवळ काही पोचत नाही आणि वरही फारसं परत येत नाही. गादीवर हाताने थाप मारावी तसा आवाज तिथेच जिरतो. मग उपकरण ‘एको लॉस’ दाखवतं, म्हणजे प्रतिध्वनी सापडत नाही अशी कबुली देतं. काही उपकरणं अशा वेळी शेवटचा आकडाच धरून बसतात. ऑपरेटर याला ‘लेव्हल अडकली’ म्हणतात. अडकलेला आकडा कबुलीपेक्षा जास्त धोक्याचा, कारण तो खरा वाटतो.

रडारचं वागणं फेसाच्या ओलाव्यावर ठरतं. मायक्रोवेव्ह कुठून परावर्तित होईल हे त्या पदार्थाच्या डायलेक्ट्रिक स्थिरांकावर अवलंबून असतं. हवेचा तो १, पाण्याचा ८० च्या आसपास, डिझेलचा २ च्या आसपास. म्हणून पाण्याच्या शांत पृष्ठभागावरून रडारची सुमारे ६४ टक्के ऊर्जा परत फिरते आणि डिझेलवरून जेमतेम ३ टक्के. फर्मेंटरमधला वॉश बहुतांशी पाणीच असतो, त्यामुळे रडारसाठी तो आरशासारखा. फेसात मात्र पाणी किती आणि वायू किती यावर सगळं ठरतं. बुडबुडे मोठे, पडदे पातळ आणि कोरडे असले तर त्या फेसाचा सरासरी स्थिरांक हवेच्या जवळचा असतो; लहर आरपार जाते, खाली द्रवावर आपटते आणि खरी पातळी सांगते. फेस बारीक, दाट आणि ओला असला तर त्यातलं पाणी आणि विरघळलेले क्षार लहर शोषून घेतात, किंवा लहर फेसाच्या माथ्यावरूनच परत येते. पहिल्या प्रकारात रडार हरवतं, दुसऱ्या प्रकारात ते फेसाचा माथा द्रव म्हणून दाखवतं. मळीत क्षार आणि चिकट पदार्थ भरपूर असल्याने तिचा फेस याच दुसऱ्या जातीकडे झुकतो.

आणि इथे रडारमधली निवड सुरू होते. बाजारात टाकीसाठी मुख्यतः ६, २६ आणि ८० गिगाहर्ट्झची रडार मिळतात. ६ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ५ सेंटिमीटर असते, २६ ची साधारण सव्वा सेंटिमीटरहून थोडी कमी आणि ८० ची चार मिलिमीटरपेक्षाही कमी. लांब लहर फेसातून जास्त सहज पार होते, आखूड लहर जास्त अडते. म्हणजे फेसासाठी जुनं, कमी वारंवारतेचं रडार बरं. विक्रेत्याच्या पत्रकात सर्वात नवं म्हणून वर छापलेलं ८० गिगाहर्ट्झ हे दाट फेसासाठी तिघांत सर्वात कच्चं.

मग सगळीकडे ६ गिगाहर्ट्झच लावावं का? त्याचं उत्तर शेजारच्या टाकीत आहे.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच डिस्टिलरी आता मळीबरोबर मक्यासारख्या धान्यावरही इथेनॉल बनवतात. धान्याचं पीठ पाण्यात कालवून, एन्झाइम घालून, ८५ ते ९० अंशांवर ठेवायचं आणि स्टार्च सैल करायचा, याला लिक्विफॅक्शन म्हणतात. ही खीर खाली बसू नये म्हणून टाकीत ॲजिटेटर अखंड फिरत असतो. वर दाट वाफ असते. फेस फारसा नसतो, पण वाफ आणि ढवळणी दोन्ही एकत्र.

इथे अल्ट्रासोनिक लावला तर चूक उलट दिशेला जाते. समजा, द्रव तीन मीटर खाली आहे, वाफाळलेली जागा ८५ अंशांवर आहे आणि उपकरण नोझलमध्ये थोडं वर, गार जागी बसल्याने त्याच्या सेन्सरला ५५ अंशच जाणवतात. केवळ या तापमानाच्या फरकाने अंतर बारा-तेरा सेंटिमीटर कमी मोजलं जातं आणि पातळी तितकीच जास्त दिसते. पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी, तिच्यात आवाज आणखी जोरात धावतो, म्हणून खरी चूक याहून मोठीच असते. फर्मेंटरमध्ये जे उपकरण टाकी रिकामी दाखवत होतं, तेच इथे भरलेली दाखवतं. शिवाय वाफ वर जाऊन उपकरणाच्या तोंडावर थंड होते. त्या पातळ पडद्यावर पाण्याचे थेंब लोंबू लागले की त्याच्या कंपनालाच अडथळा येतो.

रडारला ही वाफ तीन मीटरमध्ये फार तर पाच-सहा मिलिमीटर फसवते. थेंबांचा त्रास त्यालाही होतो, पण तोंड टेफ्लॉनचं आणि खाली निमुळतं असेल तर थेंब ओघळून जातात.

वाफेच्या बाबतीत रडारचा एक अपवाद मात्र माहीत असायला हवा. अमोनियाचा रेणू सुमारे २३.९ गिगाहर्ट्झला मायक्रोवेव्ह जोरात शोषतो. याच गुणाचा वापर करून चार्ल्स टाउन्स यांनी १९५४ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पहिला मेसर चालवला होता, ज्यातून पुढे लेसर जन्मला. भौतिकशास्त्राला जे वरदान ठरलं ते पातळी मोजणाऱ्याला डोकेदुखी आहे. दाबाखालच्या अमोनियाची वाफ २६ गिगाहर्ट्झच्या रडारचा सिग्नलही खाऊन टाकते, कारण दाबामुळे शोषणाचा पट्टा रुंदावतो. ट्रॉम्बे किंवा थळसारख्या ठिकाणी अमोनिया मोठ्या प्रमाणात हाताळला जातो. अशा टाकीसाठी २६ गिगाहर्ट्झ टाळून वेगळी वारंवारता किंवा सळईवरून लहर सोडणारं रडार निवडावं लागतं. डिस्टिलरीत हा प्रश्न नाही.

आता ॲजिटेटर. त्याची पाती पोलादाची आणि पोलाद रडारला द्रवापेक्षाही चांगलं परावर्तन देतं. टाकी भरलेली असते तेव्हा पाती बुडालेली असतात, त्यामुळे महिनोन्महिने काहीच बिघडत नाही. टाकी उपसायला घेतली, द्रव पात्याच्या खाली गेला की उपकरण पात्यालाच द्रव समजतं. ओळखायची खूण सोपी आहे. पंप चालू आहे, द्रव कमी होत आहे, तरी आलेखाची रेघ एका उंचीवर येऊन आडवी होते किंवा दोन आकड्यांमध्ये टुणटुण उड्या मारते. ती उंची पात्याच्या ड्रॉइंगमधल्या उंचीशी जुळवून पाहावी. जुळली की गुन्हेगार सापडला.

इथे लहरीचा झोत किती रुंद आहे याला किंमत येते. ८ सेंटिमीटरच्या अँटेनातून २६ गिगाहर्ट्झचा झोत सुमारे दहा अंशांचा निघतो आणि सहा मीटर खाली एक मीटरहून थोडा जास्त रुंद होतो. त्याच मापाच्या अँटेनातून ८० गिगाहर्ट्झचा झोत तीन अंशांचा, सहा मीटरवर जेमतेम एक फूट. ६ गिगाहर्ट्झसाठी १५ सेंटिमीटरचा मोठा भोंगा लावूनही झोत तेवीस अंशांच्या घरात जातो आणि सहा मीटरवर अडीच मीटरच्या जवळपास पसरतो. ॲजिटेटरच्या टाकीत तो पात्यांना चुकवूच शकत नाही. फेसाला हवी असते लांब लहर, ढवळणीला हवा असतो बारीक झोत. दोन्ही एका रडारमध्ये मिळत नाहीत. सगळ्या टाक्यांना एकच मॉडेल लावून मोकळं व्हायचं म्हणणारा खरेदी विभाग नेमका इथे चुकतो.

लिक्विफॅक्शन टाकीसाठी म्हणून उत्तर स्पष्ट आहे: ८० गिगाहर्ट्झ. मात्र ते बसवायचं कुठे यावर निम्मं यश ठरतं. गोल माथ्याच्या बरोबर मध्यभागी बसवू नये. घुमटात लहरी वर-खाली फिरत राहतात आणि खोटे प्रतिध्वनी वाढतात. शिवाय मध्यावर ॲजिटेटरचा दांडा असतोच. भिंतीला चिकटूनही नको. टाकीच्या व्यासाचा सहावा भाग तरी भिंतीपासून अंतर ठेवावं. वरून द्रव पडतो त्या धारेच्या रेषेत तर मुळीच नको. ढवळण्याने मधोमध भोवरा पडत असेल तर पृष्ठभाग उतरता होतो आणि लहर सरळ वर न येता बाजूला फेकली जाते. टाकीच्या भिंतीला उभ्या पट्ट्या असतील तर भोवरा मोडतो. नसतील तर त्या बसवण्याचा आग्रह इन्स्ट्रुमेंट विभागाने धरायला हरकत नाही.

मग येतं मॅपिंग. रिकाम्या टाकीत कोणकोणते कायमचे प्रतिध्वनी येतात याची नोंद उपकरणाला करून द्यायची आणि ‘यांच्याकडे दुर्लक्ष कर’ असं शिकवायचं. हे काम बहुतेक वेळा ॲजिटेटर बंद ठेवून उरकलं जातं. पातं जिथे थांबलं तेवढीच जागा उपकरण शिकतं. दुसऱ्या दिवशी पातं फिरू लागलं की तीच जुनी तक्रार. टाकी रिकामी झाल्यावर पाती किती वेळ फिरवता येतात ते यांत्रिक विभागाला विचारावं आणि त्या वेळात, ती फिरत असताना मॅपिंग करावं. फिरवता येत नसतील तर हाताने पातं चार-पाच कोनांत वळवून प्रत्येक वेळी नोंद वाढवत न्यावी. हातानेच करायचं तर आधी मोटारचा वीजपुरवठा तोडून कुलूप लावायचं. त्यात तडजोड नको.

पुन्हा फर्मेंटरकडे. तिथे फेस हा मुख्य शत्रू आहे आणि एकट्या कोणत्याही रडारने तो पूर्ण हरत नाही. सळईवरून लहर सोडणारं रडार फेसात चांगलं चालतं, पण मळीचा गाळ सळईवर चढतो आणि टाकीत ढवळणी असेल तर सळईच धोक्यात येते. जास्त भरवशाचा मार्ग म्हणजे दोन वेगळ्या जातीच्या साक्षी घेणं. वर मधल्या वारंवारतेचं, २६ गिगाहर्ट्झचं रडार आणि खाली तळाशी प्रेशर ट्रान्समीटर. तळाच्या दाबाला फेसाशी काही देणंघेणं नसतं, कारण फेसाला वजनच नगण्य. त्याचा दोष दुसरा. आंबवणं पुढे जातं तसा वॉश हलका होतो. सुरुवातीची सापेक्ष घनता १.०८ धरून ट्रान्समीटर लावला आणि शेवटी ती १.०४ वर आली तर सहा मीटरचा वॉश ५.७८ मीटर दिसेल, म्हणजे बावीस सेंटिमीटर कमी. पण ही घसरण हळूहळू, तासांच्या हिशेबाने होते आणि प्रयोगशाळेत दर काही तासांनी घनता मोजली जातेच. तो आकडा घालून ती सुधारता येते. फेस मात्र मिनिटांत चढतो.

म्हणून दोन्ही आकडे पडद्यावर शेजारी ठेवले की तिसरी माहिती फुकट मिळते. घनतेची सुधारणा करून दोघे जुळत असतील तर फेस हलका आहे आणि रडार द्रवच पाहत आहे. रडार झपाट्याने वर गेलं आणि दाब जागच्या जागी असेल तर दाट फेस चढतो आहे. हीच वेळ टर्की रेड ऑइलसारखं फेस मारणारं तेल सोडायची. फेस कार्बन डायऑक्साइडच्या नळीतून स्क्रबरमध्ये शिरल्यावर तेल सोडून उपयोग नसतो. तोवर वॉश वाहून गेलेला असतो.

रडारचा एको कर्व्ह, म्हणजे प्रतिध्वनींचा आलेख, आता मोबाइलवर ब्लूटूथने पाहता येतो. फर्मेंटेशन ऐन भरात असताना तो एकदा दहा मिनिटं शांतपणे पाहावा. एक उंच, टोकदार शिखर दिसलं तर सगळं ठीक. शिखर बुटकं आणि रुंद होत चाललं तर फेस लहर खात आहे. त्याच्या आधी दुसरं छोटं शिखर उगवलं तर तो फेसाचा माथा. शिखर मुळीच नाही आणि पडद्यावर आकडा मात्र स्थिर असेल, तर तो आकडा अडकलेला आहे. अशा वेळी काय करायचं हे उपकरणाच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं: प्रतिध्वनी हरवला की शेवटचा आकडा धरून न ठेवता धोक्याची सूचना द्यायची. फर्मेंटरवर ही सेटिंग तपासून घेणं हे नवं उपकरण विकत घेण्याच्याही आधीचं काम आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही.

अल्ट्रासोनिकला यात जागा नाही असं मात्र नाही. त्याच डिस्टिलरीच्या मागे सांडपाणी शुद्धीकरणाचे उघडे हौद असतात, कच्च्या पाण्याची टाकी असते, बाहेर जाणारं पाणी मोजायची पार्शल फ्लूम असते. तिथे वर उघडं आकाश, हवेचं तापमान सेन्सरला नीट कळणारं, ना वायू साठतो, ना वाफ, ना पातं. फर्मेंटरवरून उतरवलेला अल्ट्रासोनिक भंगारात देऊ नये. फक्त फेस धरणाऱ्या एअरेशन टाकीवर न लावता तो फ्लूमवर किंवा पाण्याच्या टाकीवर लावावा. तिथे तो आणखी कित्येक वर्षं बिनतक्रार चालतो.